पिच कमी केला की सांधा बळकट का होतो: रिव्हेट केलेल्या लॅप जॉइंटची कार्यक्षमता

प्रश्न: सर, मी नागपूरला मेकॅनिकल डिप्लोमा करतो आणि हिंगणा एमआयडीसीत ट्रेनिंगला जातो. ९०० मिमी आतल्या व्यासाचं, १० मिमी जाडीच्या प्लेटचं शेल आहे, दाब १.२ न्यूटन प्रति चौरस मिमी. उभ्या शिवणीला दुहेरी ओळीचा लॅप जॉइंट, १९ मिमीची भोकं, पिच ७५ मिमी. फाटण्याची कार्यक्षमता ७४.७ टक्के, कातरण्याची ५६.७, चिरडण्याची ७६ अशी आली. शेल तर प्लेटचं आहे, मग फाटण्याचीच धरायची ना? धरली तर दाब बसतो. आणि भोकं वाढवली तर प्लेट कमकुवत होईल, मग सुधारायचं कसं? मित्र म्हणतो मोठे रिव्हेट टाक.

उत्तर:

तुझे तिन्ही आकडे बरोबर आहेत, त्यांचा अर्थ लावताना मात्र तू घसरलास. या सांध्याची कार्यक्षमता ५६.७ टक्के आहे आणि हे शेल १.२ दाबाला बसत नाही. टक्केवारी थोडा वेळ बाजूला ठेव आणि सांध्यावर खरंच किती बळ येतं ते आधी काढ, म्हणजे का ते दिसेल.

शेलच्या लांबीतून एका पिचएवढी, म्हणजे ७५ मिमी रुंदीची कडी कापून घेतली आहे असं समज. आतला दाब त्या कडीला उभी अर्धी फोडू बघतो. फोडणारं बळ म्हणजे दाब गुणिले व्यास गुणिले रुंदी, आणि ते दोन बाजू वाटून घेतात. त्यातल्या एका बाजूला तुझी शिवण आहे. तिच्या वाट्याला १.२ × ९०० × ७५ ÷ २, म्हणजे ४०,५०० न्यूटन येतात. हा आकडा दाब आणि मापांवरून ठरतो. तू रिव्हेट कसे लावलेस याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता हे ४०,५०० न्यूटन एका प्लेटमधून दुसऱ्या प्लेटमध्ये कसे जातात ते बघ. पहिल्या प्लेटमधून भोकांच्या मधल्या पट्टीत येतात, तिथून भोकाच्या काठावर दाबून रिव्हेटमध्ये शिरतात, रिव्हेटच्या आडव्या छेदातून दोन प्लेटांच्या मधली रेघ ओलांडतात आणि त्याच क्रमाने उलटे दुसऱ्या प्लेटमध्ये उतरतात. वाट एकच आहे आणि प्रत्येक ठिकाणातून सगळंच्या सगळं बळ जावं लागतं. त्यामुळे फाटणं, चिरडणं आणि कातरणं यांतून आपल्याला सोयीचं एक निवडता येत नाही. प्लेट टिकली आणि रिव्हेट कातरले गेले, तर प्लेटच्या ७४.७ टक्क्यांचा काही उपयोग उरत नाही. शेल उघडतंच.

तुझ्याच आकड्यांनी ताण काढून बघू. अनुज्ञेय ताण तू फाटण्याला ८०, कातरण्याला ६० आणि चिरडण्याला १२० न्यूटन प्रति चौरस मिमी घेतलेले दिसतात, कारण तेच घेतले तर तुझ्या टक्केवाऱ्या जुळतात. १९ मिमीच्या एका रिव्हेटचा छेद २८३.५ चौरस मिमी. दुहेरी ओळीत एका पिचमध्ये दोन रिव्हेट येतात आणि लॅप जॉइंटमध्ये प्रत्येक रिव्हेट एकाच ठिकाणी कातरला जातो, म्हणून एकूण क्षेत्र ५६७ चौरस मिमी. ४०,५०० ला ५६७ ने भागलं की ७१.४ येतात. मर्यादा ६० ची आहे. ७४.७ टक्के धरून तू सुरक्षित दाब १.३३ काढला असशील. खरा सुरक्षित दाब २ × १० × ०.५६७ × ८० ÷ ९००, म्हणजे १.०१ आहे. बारमध्ये सांगायचं तर तुला १२ हवेत आणि सांधा १० बारलाच आपली मर्यादा गाठतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घे. कार्यक्षमतेच्या भागाकारात खाली नेहमी भोक नसलेल्या सलग प्लेटचं बळ येतं, म्हणजे पिच × जाडी × ताणाची मर्यादा. तुझ्याबाबतीत ते ७५ × १० × ८० = ६०,००० न्यूटन. वर तिन्ही बळांमधलं सगळ्यात लहान. शेलच्या जाडीच्या सूत्रात हा गुणोत्तराचा आकडा टाकला की त्याचा अर्थ असा होतो: सांधा नसता तर ही प्लेट जेवढा दाब पेलली असती, त्याच्या एवढ्या टक्के दाब ती सांध्यासकट पेलते. म्हणून त्या जागी सगळ्यात दुबळ्या ठिकाणाचाच आकडा बसतो.

आता सुधारणेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. तुझ्या सांध्यात प्लेटची पट्टी ४४,८०० न्यूटन पेलते, भोकांचे काठ ४५,६०० आणि रिव्हेट फक्त ३४,०२४. प्लेट भरपूर आहे आणि रिव्हेट अपुरे आहेत. सोपा उपाय म्हणजे रिव्हेट एकमेकांच्या जवळ आणायचे. भोकं वाढली की प्लेट दुबळी होते हे खरं, पण दुबळं व्हायला तिच्याकडे बरंच शिल्लक आहे.

पिच बदलला तर काय होतं ते टोकापासून बघ. पिच ५० मिमी घेतला तर भोकांमध्ये ३१ मिमी पट्टी उरते, ती २४,८०० न्यूटन पेलते, सलग प्लेट ४०,००० पेलली असती. कार्यक्षमता ६२ टक्के, आणि इथे प्लेट फाटते. पिच ६० केला तर पट्टी ४१ मिमी, बळ ३२,८००, कार्यक्षमता ६८.३, अजूनही प्लेटच फाटते. ६२ ला पट्टी ३४,४०० पेलते आणि रिव्हेट ३४,०२४, म्हणजे दोघं जवळपास एकत्र मर्यादेला येतात. कार्यक्षमता ३४,०२४ भागिले ४९,६००, म्हणजे ६८.६ टक्के. त्यापुढे पिच वाढवत गेलास की रिव्हेटचं बळ आहे तेवढंच राहतं आणि भागाकारातला खालचा आकडा वाढत जातो, म्हणून कार्यक्षमता घसरते. ७५ ला ५६.७ आणि ८० ला ५३.२ टक्के होते.

म्हणजे पिच वाढत जाताना कार्यक्षमता आधी चढते आणि मग उतरते. शिखर तिथे असतं जिथे फाटण्याचं आणि कातरण्याचं बळ सारखं होतं. हे समीकरण मांडलं तर पिच ६१.५ मिमी येतो. पुस्तकातली उदाहरणं ‘फाटणं बरोबर कातरणं’ असं का सुरू करतात त्याचं कारण हेच आहे. ६२ मिमी पिचला तुझं शेल १.२२ दाबापर्यंत बसतं. पडताळा घे: पिचवरचं बळ ३३,४८० न्यूटन, रिव्हेटमधला ताण ५९, प्लेटमधला ७७.९, काठावरचा ८८. तिन्ही मर्यादेच्या आत.

पिचला वरून आणखी एक मर्यादा आहे आणि तुझा ७५ मिमी पिच तिथेही अडकतो. वाफ किंवा पाणी रोखण्यासाठी लॅपची कड बोथट छिन्नीने ठोकून खालच्या प्लेटवर बसवतात, त्याला आपण कॉकिंग म्हणतो. दोन रिव्हेटांमधलं अंतर फार झालं तर मधली कड उचलली जाते आणि कितीही ठोकलं तरी गळत राहते. म्हणून बॉयलरच्या नियमांत कमाल पिच दिलेला आहे. लॅप जॉइंटमध्ये एका पिचला दोन रिव्हेट असतील तर तो २.६२ × जाडी + ४१.२८ मिमी असतो. १० मिमी प्लेटला ६७.५ मिमी होतो. ७५ वर तुझा सांधा ताकदीच्या हिशेबाने सुटला असता तरी गळला असता.

तुझ्या मित्राच्या म्हणण्याकडे वळू. मोठा रिव्हेट घेतला की कातरण्याचं बळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे त्याचं म्हणणं फेटाळण्यासारखं नाही. २१ मिमीची भोकं धर. पिच ७५ च ठेवला तर कातरण्याचं बळ ४१,५६३ आणि फाटण्याचं ४३,२०० होतं, कार्यक्षमता ६९.३ टक्के. छान दिसतं. पण पिच तर ६७ च्या आत हवा. ६७ ला पट्टी ४६ मिमी, बळ ३६,८००, कार्यक्षमता ६८.७ टक्के. १९ मिमीने मिळणाऱ्या ६८.६ पुढे त्याने काय कमावलं? जवळजवळ काहीच नाही, वर मोठा रिव्हेट तापवायचा, ठोकायचा, आणि लॅपची रुंदी वाढवायची. मी १९ वरच थांबेन. १० मिमी प्लेटला जाडीच्या वर्गमुळाच्या सहापट हा अनविनचा नियम १९ मिमीच सुचवतो, आणि त्या भोकात १८ मिमीचा रिव्हेट जातो.

हिशेबात मी १८ ऐवजी १९ धरला, त्याचं कारण सांगतो. लाल तापलेला रिव्हेट ठोकल्यावर फुगून भोक भरून काढतो, म्हणून बॉयलरच्या कामात भोकाचा व्यास धरायची रीत आहे. पण भोक भरलं असेल तरच ती रीत खरी ठरते. दोन्ही प्लेटांची भोकं एकावर एक नीट आली नसतील, किंवा रिव्हेट अर्धवट थंड असताना ठोकला असेल, तर डोकं चकचकीत बसतं आणि आत फट राहते. ते ओळखायला डोक्याच्या एका बाजूला बोट टेकव आणि दुसऱ्या बाजूला हलका हातोडा मार. घट्ट रिव्हेट बोटाला काही जाणवू देत नाही, सैल रिव्हेट हलल्याचं लगेच कळतं. डोक्याभोवती गंजाची किंवा पांढऱ्या क्षाराची रेघ उठलेली दिसली तर हातोड्याचीही गरज नाही, तिथून पाणी झिरपतंय.

चिरडण्याबद्दल तू फार विचार केला नसशील, कारण तुझ्या उदाहरणात ते कुठेच आडवं येत नाही. ते केव्हा आडवं येतं एवढं लक्षात ठेव. कातरण्याचं क्षेत्र व्यासाच्या वर्गावर अवलंबून आहे, चिरडण्याचं व्यास गुणिले जाडीवर. म्हणून पातळ प्लेटला जाड रिव्हेट लावला की भोकाचा काठ आधी हार मानतो. या ताणांच्या मर्यादांना ती सीमा व्यास जाडीच्या २.५५ पट असताना येते. १० मिमी प्लेटला ती २५.५ मिमी आहे, म्हणून १९ वर आपल्याला चिंता नाही. ६ मिमी प्लेटला मात्र १५.३ मिमीवरच येते. त्यामुळेच ८ मिमीपेक्षा पातळ प्लेटला अनविनचा नियम वापरत नाहीत, कातरणं आणि चिरडणं समान ठेवून व्यास काढतात. चिरडलेलं भोक लांबट होतं, सांधा थोडा सरकतो आणि कॉकिंग उघडतं. गळतीच्या रूपाने तो स्वतःच ओरडून सांगतो.

उभ्या शिवणीचं झालं, आता गोल शिवण बघ, कारण तिथे हिशेब वेगळाच निघतो. शेलच्या लांबीच्या दिशेने येणारा ताण हूप स्ट्रेसच्या अर्धाच असतो. त्यामुळे गोल शिवणीला ३३.७५ टक्के कार्यक्षमता पुरते. एकेरी ओळीचा लॅप सहज चालतो. टोकावर येणारं एकूण बळ सुमारे ७,६३,४०० न्यूटन, एक रिव्हेट १७,०१२ पेलतो, म्हणजे ४५ रिव्हेट लागतील. पण ४५ रिव्हेट परिघावर वाटले की पिच ६३.५ मिमी होतो आणि एकेरी लॅपला कमाल पिच १.३१ × १० + ४१.२८, म्हणजे ५४.४ मिमीच चालतो. म्हणून निदान ५३ रिव्हेट लागतात, आपण ५४ टाकू. पिच ५३ मिमीच्या आसपास येतो आणि कातरण्याची कार्यक्षमता ४०.२ टक्के होते. इथे रिव्हेटांची संख्या ताकदीने ठरली नाही, गळतीने ठरली. मोतीबागच्या नॅरो गेज संग्रहालयात गेलास तर हे मनात ठेव. इंजिनाच्या बॅरलवर पातळ पत्र्याचं आवरण असतं, खरे सांधे त्याखाली झाकलेले असतात. पाण्याच्या टाकीवर किंवा स्मोकबॉक्सवर ज्या रिव्हेटांच्या ओळी दिसतील, त्यांच्यावर बॉयलरचा दाब नसतो. त्यांचा पिच मोजून दाबाचा अंदाज बांधायला जाऊ नकोस.

आता जे तुझ्या टक्केवारीत कुठेच नाही, ते. लॅप जॉइंटमध्ये दोन प्लेटांच्या मध्यरेषा एका सरळ रेषेत नसतात, एका जाडीने सरकलेल्या असतात. बळ सरळ जाऊ बघतं आणि सांधा पिळवटतो. सांधा जराही वळत नाही असं धरलं तर लॅपच्या कडेला प्लेट वाकवणारा ताण सरळ ताणाच्या तिप्पट निघतो. प्रत्यक्षात सांधा थोडा वळतो आणि तो आकडा कमी होतो, पण शून्य होत नाही. शिवाय लॅपमुळे शेल नेमकं गोल राहत नाही. दाब चढतो तसं ते गोल व्हायला बघतं, दाब उतरतो तसं परत येतं. वर्षानुवर्षं हे चाललं की भोकांच्या ओळीत, दोन प्लेटांच्या चिकटलेल्या बाजूने, बारीक चीर पडते. बाहेरून वरची प्लेट आड येते आणि आतून खालची, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. तुझा हिशेब कितीही चोख असला तरी या चिरेबद्दल तो काही सांगत नाही. या कारणासाठी उभ्या शिवणीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावलेला बट जॉइंट घेण्याची रीत पडली. त्यात प्लेटा एका रेषेत राहतात आणि रिव्हेट दोन ठिकाणी कातरला जातो. लॅप गोल शिवणीला ठेवला, जिथे बळ निम्मं असतं. तुझं शेल अभ्यासाचं असेल तर लॅपच ठेव. प्रत्यक्ष वाफेचं काम असेल तर उभ्या शिवणीला मी लॅप करू देणार नाही.

रेखाटनात दोन मापं राहू देऊ नकोस. शेवटच्या ओळीच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंत दीड व्यास, म्हणजे २८.५ मिमी, नाहीतर कड फाडून रिव्हेट बाहेर येतो. आणि झिगझॅग ओळींमधलं अंतर ०.३३ × ६२ + ०.६७ × १९, म्हणजे ३३.२ मिमी. ते ३४ घे. कमी ठेवलंस तर प्लेट सरळ न फाटता एका ओळीतल्या भोकाकडून दुसऱ्या ओळीतल्या भोकाकडे तिरकी फाटू शकते. भोकं पंचने पाडली असतील तर काठ कडक आणि ठिसूळ होतो. लहान पाडून रीमरने वाढवलेली किंवा सरळ ड्रिल केलेली भोकं घे, तरच ८० चा ताण धरायला अर्थ आहे.

आणि गंजासाठीची जाडी तू धरलेली नाहीस. ६८.६ टक्क्यांनी हिशेब केला तर लागणारी जाडी ९.८४ मिमी येते. बॉयलरच्या सूत्रात तिच्यावर १ मिमी मिळवतात, म्हणजे १०.८४ होते. म्हणून खरी प्लेट ११ मिमीची हवी. ती न घेता १० मिमीवरच शेल केलं आणि काही वर्षांनी मोजलं तर प्लेट ८.५ मिमी भरली, असं धर. रिव्हेटचा छेद शाबूत आहे, तो अजूनही ३४,०२४ पेलतो. पण पट्टी ४३ × ८.५ × ८० = २९,२४० वर आलेली असते. सुरुवातीला दोघं बरोबरीने होते, आता फाटणं आधी येतं. त्याच १.२ दाबाला प्लेटमधला ताण ९१.६ होतो. अशा वेळी जुनी कार्यक्षमता वापरायची नाही. मोजलेल्या जाडीवर तिन्ही बळं नव्याने काढायची, आणि मग सुरक्षित दाब २९,२४० भागिले ४५० × ६२, म्हणजे १.०५ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या वर सेट करता येणार नाही.